म्हणजे उद्या यायचं की नाही?

ताई, मी इंदूरचाच. बी.ई. करून विजय नगरमधल्या एका आयटी कंपनीत लागलो, नऊ महिने झाले. सीटीसी ४ लाख २० हजार. दोन महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट संपला, तेव्हापासून बेंचवर आहे. काल मॅनेजर आणि एचआर मॅडमनी बोलावून सांगितलं की माझ्यात ‘पोटेन्शियल’ आहे, पण ‘अलाइनमेंट गॅप’ दिसतोय. म्हणून ६० दिवसांचा ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ देतोय, तो ‘डेव्हलपमेंटल’ आहे. उठताना मॅडम म्हणाल्या, ‘म्युच्युअल सेपरेशन’चाही पर्याय खुला आहे. हे नक्की काय म्हणाले? घरी अजून सांगितलेलं नाही.

---

ते असं म्हणाले: तुझ्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक सध्या आमच्याकडे नाही. कमी करायच्या माणसांच्या यादीत तुझं नाव आलंय. तू आपणहून राजीनामा दिलास तर आमचं काम सोपं होईल, नाही दिलास तर दोन महिने तुझ्याविरुद्ध कागद जमवू.

मी काल त्या खोलीत नव्हते, पण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बावीस वर्षं बसले आहे, त्यातली चौदा इंदुरात. मला खूण पटली ती त्या शेवटच्या वाक्यामुळे. सुधारणेची योजना आणि निरोपाचा पर्याय एकाच बैठकीत निघाले, तर त्यातलं खरं एकच असतं. ज्याला सुधारायचं असतं त्याला कुणी पहिल्याच दिवशी दार उघडून दाखवत नाही.

शाळेत प्रयोग शिकलास ना, कर्तरी आणि कर्मणी? ऑफिसची भाषा कर्मणीवर आणि कर्मणीसारख्या वाक्यांवर जगते, कारण त्यांत खऱ्या कर्त्याला लपायला जागा मिळते. ‘गॅप दिसतोय.’ कुणाला दिसतोय? ‘निर्णय घेण्यात आला.’ कुणी घेतला? ‘रोल रिडंडंट झाला.’ तो काय आपोआप झाला? असं वाक्य कानावर आलं की मनात त्याला कर्ता लाव, मग तारीख लाव, मग रक्कम लाव. कोण, कुणाला, कधीपासून, किती पैशांत. या चार जागा भरल्या की मागचा अर्थ बाहेर येतो. तुझ्या बैठकीत चारपैकी एकच जागा भरलेली होती, ६० दिवसांची.

आता तुझं नाव यादीत गेलं कसं, ते सांगते, कारण तू रात्रभर स्वतःलाच दोष देत बसला असशील.

सेवा देणारी आयटी कंपनी तुझे तास ग्राहकाला विकते. तुझं नाव ग्राहकाच्या बिलावर असेल तर तू ‘बिलेबल’, नसेल तर बेंचवर. हा शब्द खेळातला, राखीव खेळाडूंच्या बाकावरचा. फरक इतकाच की मैदानातल्या राखीव खेळाडूला संघ हवा म्हणून बसवतो आणि इथे त्या बाकाचं भाडं रोज मोजलं जातं. एकूण माणसांच्या तासांपैकी किती तास विकले गेले, त्याला ‘युटिलायझेशन’ म्हणतात, आणि तिमाही संपत आली की वरचे लोक त्या आकड्याकडेच बघतात. टीसीएसनं जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंग आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असं धोरणच लागू केलं. तेव्हा वर्तमानपत्रांतही ते आलं होतं. बाकीच्या कंपन्यांत असा आकडा कुठे लिहिलेला असतो, कुठे नुसता बोलला जातो, पण असतोच. तुझे दोन महिने झालेत.

आणि इथेच त्या कागदाची पोल उघडी पडते. दोन महिने तुझ्याकडे प्रोजेक्ट नाही, मग कामगिरीत गॅप कशात दिसला? न दिलेल्या पेपरात कुणी नापास होत नाही. ‘अलाइनमेंट गॅप’ म्हणजे तुझं कौशल्य आणि त्यांच्याकडे विकायला असलेलं काम यांचा मेळ बसत नाही, एवढंच. पण ‘ग्राहक नाही’ हे कंपनीचं अपयश ठरतं आणि ‘कामगिरी नाही’ हे तुझं. शब्द बदलला की दोष टेबलाच्या या बाजूचा त्या बाजूला जातो.

दुसरी वाट ‘कॅलिब्रेशन’ची, काही ठिकाणी तिला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. वर्षाच्या शेवटी मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांची प्रतवारी लावतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चनी हे गाजवलं: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १० आणि तळाच्यांना निरोप. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये सोडून दिली. आपल्याकडे ती गेली असं सगळे म्हणतात आणि मार्च आला की एक्सेलच्या शीटमधून पुन्हा डोकावते. आठ जणांच्या टीममधून एक नाव खाली टाकावंच लागतं, मग आठही चांगले का असेनात. मॅनेजर कुणाचं नाव टाकतो? ज्याच्या जाण्यानं ग्राहक ओरडणार नाही त्याचं. म्हणजे बहुतेक वेळा सगळ्यात नव्याचं. मी या खोल्यांत बसले आहे आणि ‘मुलामध्ये पोटेन्शियल आहे, पण’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ‘पोटेन्शियल’ म्हटलं की मी पेन खाली ठेवायचे. त्याचा अर्थ असा की दाखवण्यासारखं काम आत्ता माझ्या हातात नाही आणि त्याच्यासाठी भांडायचीही माझी तयारी नाही.

तुला वाटेल ताई कडवट झाली. झाले आहे थोडी. २००९ साली, मंदीत, मी जिथे होते तिथे एका शुक्रवारी तेवीस पत्रं वाटायची होती. मजकूर मीच लिहिला होता. ‘बिझनेस रिअलाइनमेंट’, ‘ट्रान्झिशन’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं सगळं गुळगुळीत होतं. कायदेशीर दृष्टीनं कुठे बोट ठेवायला जागा नाही, म्हणून वरून कौतुकही झालं. मल्हारगंजचा एक मुलगा, जेमतेम बावीसचा, पत्र दोनदा वाचून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘ताई, म्हणजे उद्या यायचं की नाही?’ पूर्ण पानाच्या पत्रात या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, नाही. त्या दिवशी मी उच्चारलेला खरा शब्द तेवढा एकच.

तर आता तुझा पीआयपी, म्हणजे तोच ६० दिवसांचा इम्प्रूव्हमेंट प्लॅन. तो कागद हातात आला की घाबरून शेवटचं पान उघडू नकोस. आधी उद्दिष्टं वाच. मी आजवर पाहिलेले हे कागद दोन जातींचे असतात. खऱ्या पीआयपीत असं काही लिहिलेलं असतं: आठवड्याला पंधरा टिकेटं बंद करायची, परत उघडणारी दोनपेक्षा जास्त नकोत, अमुक वरिष्ठ दर मंगळवारी तपासून देईल. हे मोजता येतं. जमलं की जमलं, आणि मी माणसं यातून नीट बाहेर पडलेली पाहिली आहेत, विशेषतः ज्यांची अडचण एकाच ठिकाणी होती: कोड तपासायला न देता पुढे ढकलणं, किंवा ग्राहकाच्या मेलला उत्तरच न देणं. दुसऱ्या जातीत लिहिलेलं असतं: ‘ओनरशिप दाखवणे’, ‘प्रोॲक्टिव्ह कम्युनिकेशन’, ‘स्टेकहोल्डरकडून सकारात्मक फीडबॅक’. ओनरशिप किती किलो झाली म्हणजे पास? कुणालाच ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसणं हीच त्या कागदाची सोय असते. साठाव्या दिवशी मॅनेजरला ‘दिसली नाही’ एवढंच म्हणायचं असतं.

बाकीच्या खुणा कागदाबाहेर सापडतात. तुला काम दिलंय का? ज्याला सुधारायचं त्याला काम द्यावं लागतं. दर आठवड्याची बैठक कॅलेंडरवर पडली का, की पहिल्या दोननंतर ‘बिझी आहे, रिशेड्यूल करू’ सुरू झालं? तुझ्यासोबत बेंचवर असलेल्या आणखी किती जणांना याच आठवड्यात बोलावलं? चार-पाच जणांची कामगिरी एकाच सोमवारी बिघडत नाही. तशी बिघडलेली दिसली तर समज की वरून आकडा आलाय.

म्हणून आज काय करायचं? बैठकीचा वृत्तांत मेल करायचा. राग नको, टोमणा नको. कालच्या चर्चेबद्दल आभार, माझ्या समजुतीप्रमाणे असं ठरलं, असं लिहून खाली प्रश्न घाल: मला कोणत्या प्रोजेक्टवर काम दिलं जाईल? प्रत्येक उद्दिष्ट कशानं मोजलं जाईल? आढावा कोण आणि कोणत्या वारी घेईल? उद्दिष्टं पूर्ण झाली तर पुढे काय? या मेलला उत्तर म्हणून ‘लेट्स कनेक्ट’ आलं, म्हणजे लेखी नको, तोंडी बोलू, तर बोलून ये आणि त्या बोलण्याचाही वृत्तांत पाठव. जो कागद ते साठ दिवस तुझ्याविरुद्ध जमवणार, त्यात तुझीही पानं असू देत. ऑफर लेटर, नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आधीचं रेटिंग हे आजच स्वतःकडे घेऊन ठेव, कारण निरोपाच्या दिवशी लॉगिन तुझ्याआधी बंद होतं. मात्र ग्राहकाची फाइल किंवा कोडची एक ओळसुद्धा घेऊ नकोस. तेवढ्यावर तुला खरोखरच काढता येईल.

आता ‘म्युच्युअल सेपरेशन’. म्युच्युअल म्हणजे दोघांच्या मर्जीनं. तुझी मर्जी काल कुणी विचारली होती? पण हा शब्द नुसता गोड बोलण्यासाठी नाही, त्याला व्यावहारिक वजन आहे. तू राजीनामा दिलास की कंपनीच्या लेखी ही कपात राहतच नाही, तू आपणहून गेलास. कपातीला कायद्यानं अटी आहेत. सलग वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन. गंमत अशी की हे वर्ष कॅलेंडरचं नसतं. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष धरतात, आणि त्यात पगारी रजाही मोजतात. तुझे नऊ महिने झालेत, म्हणजे दिवस मोजून बघ. १९४७च्या जुन्या कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मर्यादा दोन आहेत. तू कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसतोस का, हे पदनावावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटल्यानं कुणी साहेब होत नाही, पण वाद मात्र होतो. आणि तुझी नेमणूक ठरावीक मुदतीची असेल, तर मुदत संपल्यावर जाणं कपातीत धरत नाहीत. पत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा जाऊन ये. मध्य प्रदेशाच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय आपल्या इंदुरातच आहे, भोपाळला जावं लागत नाही, हेही लक्षात असू दे.

मग राजीनामा कधीच देऊ नये का? असं मी म्हणत नाही. नव्या कंपनीची चौकशी होते तेव्हा जुन्या एचआरला विचारतात की का गेला, पुन्हा घ्याल का. तिथे ‘राजीनामा’ हा शब्द ‘काढला’पेक्षा बरा पडतो, आणि तुझ्या वयात या शब्दाची किंमत पंधरा दिवसांच्या पगारापेक्षा जास्तही असू शकते. फक्त तो फुकट देऊ नकोस. त्यांना तुझी सही हवी आहे. या प्रकरणात तुझ्या हातात असलेली वस्तू तेवढी एकच आहे, आणि ती त्याच खोलीत, त्याच दुपारी मागितली जाते. ‘आजच मेल टाका, नाहीतर टर्मिनेशन करावं लागेल’ असं म्हणाले तर सांग, घरच्यांशी बोलून सोमवारी कळवतो. त्या शुक्रवारी आम्हीही ‘आजच’ म्हणालो होतो. सोमवारी आलेल्यांना आम्ही तेवढंच दिलं, उलट दोघांना जास्त दिलं.

आता पैशांकडे बघू, कारण ‘एक महिन्याचा पगार देऊ’ हे वाक्य ऐकायला सरळ आणि आतून निसरडं आहे. तुझा सीटीसी ४,२०,०००. भागिले बारा केलं तर महिना ३५,०००, आणि तोच आकडा तुझ्या डोक्यात असेल. पण सीटीसी म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. तुझ्या पत्रातली फोड मला ठाऊक नाही, म्हणून नेहमीची धरते: बेसिक निम्मं, म्हणजे महिना १७,५००. आता सीटीसीतून काय काय जातं ते बघ. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० प्रमाणे वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटीच्या नावानं बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे १०,१००; व्हेरिएबल दहा टक्के, ४२,०००; विम्याचा हप्ता ६,००० धरू. हे सगळं वजा केलं की वर्षाला ३,४०,३०० उरतात, म्हणजे महिना सुमारे २८,३६०. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन बँकेत साडेसव्वीस हजारांच्या आसपास पडतात.

म्हणजे ‘एक महिन्याचा पगार’ ३५,००० असेल, २८,३६० असेल किंवा १७,५०० असेल. कंपनी कोणता देईल? पत्रात ‘बेसिक’ लिहिलं असेल तर सगळ्यात छोटा, आणि नोटीस-पेच्या कलमात तो शब्द बऱ्याचदा असतो. म्हणून तोंडी ‘महिना’ ऐकून मान डोलावू नकोस, रुपयांत आकडा विचार. त्याच मेलमध्ये आणखी विचार की व्हेरिएबल नऊ महिन्यांच्या प्रमाणात मिळेल का, ट्रेनिंगचा बॉण्ड असेल तर त्याची वसुली सोडली असं लेखी मिळेल का, रिलीव्हिंग लेटरमध्ये कारण काय लिहिणार, आणि आई-बाबांना कंपनीच्या विम्यात घातलं असशील तर तो कुठल्या तारखेला बंद होतो. बॉण्डचं विसरू नकोस. एका हातानं १७,५०० देऊन दुसऱ्या हातानं पन्नास हजारांची नोटीस पाठवल्याचं मी पाहिलं आहे. शेवटच्या हिशेबाला ‘एफ अँड एफ, पंचेचाळीस दिवस’ म्हणतील, तर नवी वेतन संहिता सांग. राजीनामा असो वा कपात, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असं त्यात आहे. ऐकतील असं नाही, पण वाक्य माहीत असलेल्या माणसाशी बोलायची तऱ्हा बदलते.

या साठ दिवसांत आणखी काही शब्द कानावर येतील. ‘हे ऑफलाइन घेऊ’ म्हणजे चारचौघांत विचारू नकोस. ‘सर्कल बॅक करतो’ म्हणजे उत्तर नाही आणि येणारही नाही. ‘लर्निंग ऑपर्च्युनिटी’ हे जास्तीच्या कामाचं पैसे न देता ठेवलेलं नाव. ‘सध्या बँडविड्थ नाही’, म्हणजे वेळ नाही, हे मात्र कधीकधी खरंच असतं, त्यावर रागावू नकोस. आणि कुणी ‘वुई आर अ फॅमिली’ म्हणालं तर मला फोन कर, आपण दोघं हसू.

साठ दिवस पगार चालू राहणार आहे, ते नोकरी शोधण्यात घालव. पण रोज वेळेवर जा आणि जे काम देतील ते नीट कर. गैरहजेरीचं निमित्त त्यांच्या हाती लागलं तर वरचं सगळं लिहिलेलं फुकट जाईल. मुलाखतीत विचारलं का सोडतोस, तर सांग, प्रोजेक्ट संपला, दोन महिने बेंचवर होतो. हे खरं आहे, आणि समोरच्यालाही बेंच म्हणजे काय हे ठाऊक असतं. ‘ग्रोथसाठी’ म्हणू नकोस. त्यांच्या शब्दांची सवय आपल्यालाही लवकर लागते.

घरी आजच सांग. बाबांना पीआयपी वगैरे समजावत बसू नकोस, ‘दोन महिन्यांत नोकरी जाईल असं दिसतंय, दुसरी शोधतोय’ एवढं पुरे. लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत आपली माणसं एकमेकांना किती ओळखतात ते तुला माहीतच आहे. सानंदच्या पुढच्या नाटकाच्या मध्यंतरात कुणीतरी आईला विचारायच्या आत तिला तुझ्याकडून कळू दे. आणि पीआयपीचा कागद हातात आला की उद्दिष्टांचं पान मला पाठव. कंपनीचं आणि मॅनेजरचं नाव झाकून.